संमतीच्या बोलण्यात दोन अर्थांचं वाक्य आलं तर: दुभाष्याने डॉक्टरांना नोट कशी लिहावी

अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या हॉस्पिटलात मराठी दुभाष्याचं काम नुकतंच सुरू केलेल्यांसाठी हे लिहितेय. सगळं काम एका लेखात मावणार नाही, म्हणून एकच प्रसंग घेते. ऑपरेशनआधी डॉक्टर संमती घेतात, पेशंट होकार देतो, आणि त्या होकारातून दोन वेगळे अर्थ निघतात हे फक्त तुमच्या लक्षात येतं. डॉक्टरांना मराठी कळत नाही, पेशंटला इंग्रजी कळत नाही, आणि फॉर्मवर सही होऊन गेलेली असते. अशा वेळी डॉक्टरांना नोट लिहायची असते. ती कधी लिहायची, तिच्यात काय घालायचं आणि काय अजिबात घालायचं नाही, ते एका केसच्या आधाराने सांगते. पेशंटची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

न्यू जर्सीत मुलाकडे राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या एक बाई. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि आता पुन्हा अंगावरून जायला लागलेलं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड दिसलं आणि एक पॉलिप दिसला. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला आणि अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड असलं, की डॉक्टर सहसा आतला तुकडा तपासायला घेतात. इथे बेत होता हिस्टेरोस्कोपीचा: खालच्या मार्गाने बारीक कॅमेरा आत घालून बघायचं, पॉलिप काढायचा, अस्तर खरवडून पॅथॉलॉजीला पाठवायचं. आपल्याकडे बायका याला ‘क्युरेटिंग’ किंवा ‘पिशवी साफ करणं’ म्हणतात. पोटावर काप नाही, टाके नाहीत, बहुतेक पेशंट त्याच दिवशी घरी. डॉक्टरांनी हे सगळं नीट समजावलं आणि विचारलं, हे चालेल का?

बाई म्हणाल्या, “हो, पिशवी साफ करून टाका. काय ते काढून टाका एकदाचं, परत कटकट नको.”

डॉक्टरांना त्याचं इंग्रजी ऐकू आलं आणि होकार मिळाला. पॉलिपबद्दल बोलणं चाललं होतं, तेव्हा ‘काय ते’ म्हणजे पॉलिप, असं त्यांनी धरणं साहजिक होतं. पण मराठी कानाला यात दुसरंही काही ऐकू येतं. नुकताच पिशवीचा उल्लेख झाला आहे, आणि काढायचं काय ते वाक्यात सांगितलेलंच नाही. म्हणजे पिशवीतलं जे असेल ते काढा, असं असेल, किंवा पिशवीच काढा, असंही असेल. त्यांनी ‘एकदाची काढून टाका’ म्हटलं असतं तर पिशवीच, हे स्पष्ट झालं असतं. ‘एकदाचं’ म्हटल्यामुळे दोन्ही दारं उघडी राहिली. वर ‘परत कटकट नको’ आहेच. क्युरेटिंगनंतर पुन्हा अंगावर जाणारच नाही, असं कुणी डॉक्टर सांगत नाही. पिशवी काढली तर मात्र हा प्रश्न मिटतो.

शंका नुसत्या व्याकरणावर उभी नाही. ग्रामीण महाराष्ट्रात ‘पिशवीचा त्रास’ म्हटलं की ‘काढून टाका’ हे पुढचं वाक्य किती सहज येतं, हे आपल्याला माहीत आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या बातम्यांनी ते साऱ्या देशाला कळलं. या बाईंच्या आजूबाजूलाही पिशवी काढलेल्या बायका असणारच.

आधी खोलीत, मग कागदावर

नोट हा पहिला उपाय नाही. वाक्य बोललं जात असतानाच शंका आली, तर तिथल्या तिथे बोलायचं. पद्धत ठरलेली आहे. आधी पेशंटचं वाक्य पूर्ण भाषांतरित करून सांगा, जितकं मोघम आहे तितकंच मोघम ठेवून. मग ‘दुभाषी बोलतेय’ असं म्हणून, स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषात करत डॉक्टरांना सांगा, की काय काढायचं हे पेशंटच्या वाक्यात स्पष्ट नाही, दुभाष्याने खुलासा विचारावा का? आणि हेच लगेच मराठीत पेशंटलाही सांगा, म्हणजे तुम्ही दोघं इंग्रजीत काय कुजबुजलात असं त्यांना वाटणार नाही. नॅशनल कौन्सिल ऑन इंटरप्रीटिंग इन हेल्थ केअर या अमेरिकी संस्थेने २००४ मध्ये नीतिसंहिता आणि २००५ मध्ये कामाचे निकष प्रसिद्ध केले. दुभाष्याचा स्वतःचा प्रत्येक शब्द दोन्ही बाजूंना कळला पाहिजे, हा त्यातला एक निकष आहे.

तुम्ही स्वतःच पेशंटशी दोन-चार वाक्यं बोलून अर्थ ‘काढून’ घेऊ नका. संमतीच्या वेळी तर मुळीच नको. तुम्ही विचारलंत ‘पिशवी नाही ना काढायची?’, आणि बाई म्हणाल्या ‘नाही नाही’, तर ते उत्तर तुमच्या प्रश्नाने घडवलेलं आहे.

मग नोटेची वेळ येते कधी? जेव्हा शंका उशिरा पक्की होते. या केसमध्ये डॉक्टर निघून गेल्यावर नर्स पुढच्या सूचना देत होत्या: रात्री बारानंतर काही खायचं नाही, कुठल्या गोळ्या थांबवायच्या, सोबत कोण हवं. तेवढ्यात बाईंनी विचारलं, “टाके कधी काढणार?” नर्स म्हणाल्या, यात टाके नसतात, आणि त्या पुढच्या सूचनेकडे वळल्या. बाई गप्प बसल्या.

मघाचं वाक्य एकटं होतं तोवर ते बोलण्याची एक लकब म्हणून सोडून देता आलं असतं. टाक्यांच्या प्रश्नाने त्याला वजन आलं. काप घेणार असं गृहीत धरणारी बाई कुठल्या ऑपरेशनला ‘हो’ म्हणाली आहे?

पहिल्या काही मिनिटांत

सगळ्यात आधी वहीत पेशंटचं वाक्य देवनागरीत, शब्द न् शब्द लिहा. संमतीच्या संभाषणात मी होकाराचं किंवा नकाराचं वाक्य नेहमीच मूळ भाषेत टिपते, बाकीच्या नोंदी खुणांच्या असल्या तरी. तासाभराने आठवणीतून लिहिलेलं वाक्य तुमच्या शंकेच्या बाजूला झुकलेलं असतं. ‘एकदाचं’चं ‘एकदाची’ व्हायला वेळ लागत नाही, आणि इथे सगळा फरक तेवढ्यातच आहे.

मग तोंडी सांगा. खोलीत नर्स असतील तर त्यांना, पेशंटसमोरच, दुभाषी म्हणून सांगा: डॉक्टरांना दिलेल्या उत्तरातल्या एका वाक्याचे दोन अर्थ होतात, आत्ताचा टाक्यांचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला असू शकतो, हे डॉक्टरांना कळवायला हवं. ऑपरेशन त्याच दिवशी असेल तर तोंडी सांगणं हेच खरं काम आहे, कारण संदेश कुणी वाचेल याची वाट बघायला वेळ नसतो. पेशंटला गुंगीचं औषध द्यायच्या आधी डॉक्टर परत यायला हवेत. औषध दिल्यावर पेशंट ‘हो’ म्हणाला तरी त्याला संमती म्हणून अर्थ राहत नाही. या केसमध्ये ऑपरेशन चार दिवसांनी होतं, त्यामुळे लिहायला सवड होती.

नोट

माझी नोट अर्थातच इंग्रजीत होती. तिचा मराठी तर्जुमा हा असा:

> विषय: शुक्रवारची हिस्टेरोस्कोपी. संमतीतल्या एका वाक्याचा खुलासा शस्त्रक्रियेआधी हवा.
>
> डॉक्टर, आज सकाळी आपण या पेशंटशी संमतीबद्दल बोललात तेव्हा मी मराठी दुभाषी होते. ‘हे चालेल का?’ या आपल्या प्रश्नाला पेशंटने दिलेलं उत्तर: “हो, पिशवी साफ करून टाका. काय ते काढून टाका एकदाचं, परत कटकट नको.”
>
> मी ते इंग्रजीत असं सांगितलं: ‘येस, क्लीन आउट द युटरस. टेक आउट व्हॉटेव्हर इट इज, वन्स अँड फॉर ऑल, आय डोन्ट वॉन्ट धिस ट्रबल अगेन.’
>
> काय काढायचं हे मराठी वाक्यात सांगितलेलं नाही. त्याचे अर्थ असे होऊ शकतात: (१) गर्भाशयाच्या आत जे सापडेल ते काढा, (२) गर्भाशयच काढा, (३) काय काढायचं ते डॉक्टरांनी ठरवावं. पेशंटच्या मनात यातलं काय होतं, हे मला माहीत नाही.
>
> आपण गेल्यावर पेशंटने नर्सना विचारलं, “टाके कधी काढणार?” यात टाके नसतात, असं नर्सनी सांगितलं. त्यावर पेशंट काही बोलल्या नाहीत.
>
> शुक्रवारी काय काढलं जाणार आणि काय तसंच राहणार, हे पेशंटने स्वतःच्या शब्दांत सांगावं, असं आपण विचारावं ही विनंती. त्या संभाषणासाठी मी उद्या सकाळी उपलब्ध आहे. दुसरे मराठी दुभाषी असले तरी चालेल. त्यांना ही नोट आधी दाखवावी. हे नर्सना मी तोंडी सांगितलं आहे.

खाली माझं नाव, दुभाषी क्रमांक, तारीख आणि वेळ. पेशंटचं वाक्य मी देवनागरीत आणि त्याखाली रोमन लिपीत उच्चारासह लिहिते. डॉक्टरांना दोन्ही वाचता येत नसलं, तरी उद्या दुसरा मराठी माणूस हे वाचेल तेव्हा त्याला मूळ वाक्य मिळतं, माझा निष्कर्ष नव्हे.

आता एकेक भाग असाच का, ते सांगते.

विषयाच्या ओळीत शस्त्रक्रियेचा दिवस आहे. डॉक्टरांच्या इनबॉक्समध्ये रोज ढीगभर संदेश येतात. हा कधीपर्यंत वाचायला हवा, हे न उघडता कळलं पाहिजे.

मी केलेलं इंग्रजी भाषांतर आहे, कारण डॉक्टरांनी निर्णय त्या इंग्रजीवर घेतला. मूळ वाक्य आणि सांगितलेलं वाक्य शेजारी ठेवलं की गाठ नेमकी कुठे पडली ते दिसतं. भाषांतर गुळगुळीत करून लिहू नका; खोलीत जे बोललात तेच लिहा.

अर्थ क्रमाने दिले आहेत, पण त्यांच्यात डावंउजवं केलेलं नाही. नव्या दुभाष्यांचा हात इथेच घसरतो. ‘माझ्या मते पेशंटला पिशवी काढायची आहे’ असं लिहायचा मोह होतो, कारण आपल्या समाजाची आपल्याला माहिती असते. ती माहिती शंका ओळखायला कामाची आहे. अर्थ ठरवायला नाही. बीडबद्दल मी वर लिहिलं ते तुमच्यासाठी. नोटेत त्यातलं एक अक्षरही नाही. या बाई नाशिकच्या निवृत्त शिक्षिका असतील, किंवा आयुष्यभर मुंबईत राहिल्या असतील. डॉक्टरांच्या हातात ‘मराठी बायका असं म्हणतात’ असं वाक्य दिलं, की ते समोरच्या बाईंना विचारण्याऐवजी त्या वाक्यावर विसंबतील.

तिसरा अर्थ विसरू नका. ‘तुम्ही ठरवा’ हा अर्थ आपल्या बोलण्यात इतका मुरलेला असतो की तो वेगळा जाणवतच नाही. पण संमतीच्या फॉर्मवर बहुधा एक ओळ असते, की शस्त्रक्रियेदरम्यान डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास आणखी प्रक्रिया करता येईल. पेशंटचा तिसरा अर्थ आणि ही ओळ एकत्र आली, की पेशंटने कशाला परवानगी दिली हे खरोखरच सांगता येत नाही. भारतात समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नेमका असाच मुद्दा ठरवला. तपासणीसाठी लॅपरोस्कोपीला भूल दिलेल्या अविवाहित स्त्रीचं गर्भाशय आणि अंडाशयं, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन काढली गेली होती. तपासणीला दिलेली संमती ही अवयव काढायला दिलेली संमती होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. न्यू जर्सीतल्या डॉक्टरांना हा निकाल लागू नाही, आणि नोटेत कायदा काढायचाही नाही. पण ‘काय ते काढून टाका’ या चार शब्दांपाशी तुम्ही का थांबायचं, ते यावरून कळेल.

काय लिहायचं नाही

‘पेशंटला समजलेलं नाही’ असं लिहू नका. समजलं की नाही हे डॉक्टर ठरवतात. तुम्ही फक्त शब्द दाखवता. ‘संमती ग्राह्य नाही’ हे तर त्याहून नको. ‘हिस्टेरोस्कोपीत टाके नसल्यामुळे पेशंटचा गैरसमज झाला असावा’ हे वाक्य बरोबर असेलही, पण तो वैद्यकीय निष्कर्ष आहे. पेशंटचा प्रश्न आणि नर्सचं उत्तर शेजारी ठेवा. डॉक्टरांना तेवढं पुरतं.

घरच्यांनी कॉरिडॉरमध्ये सांगितलेलं नोटेत घालू नका. ‘आईंना पिशवी काढूनच हवी आहे’ असं सूनबाई तुम्हाला म्हणाल्या, तर त्यांना सांगा, “ताई, हे डॉक्टरांसमोर बोला, मी भाषांतर करेन.” तुमच्याकडे गुपचूप आलेली माहिती तुम्ही नोटेतून पुढे सरकवली, तर पेशंटच्या तोंडी नसलेली गोष्ट पेशंटच्या नावावर जाते.

प्रत्येक मोघम वाक्याला नोट लागते असंही नाही. ‘बघू’, ‘तुम्ही म्हणाल तसं’, ‘देवाच्या मनात असेल तसं’ ही वाक्यं इंग्रजीतही तितकीच मोघम वाटतात. ती तशीच सांगितली की पुढे काय विचारायचं ते डॉक्टरांना ऐकताक्षणी कळतं. मराठीत असलेला दुसरा अर्थ इंग्रजीत जाताना नाहीसा होतो, किंवा वाक्य डॉक्टरांच्या कानाला स्वच्छ होकार वाटतं, तेव्हाच नोट लिहायची. ‘गाठ’ हा असाच शब्द. फायब्रॉइड, सिस्ट, कॅन्सर, रक्ताची गुठळी, सगळ्याला लोक गाठ म्हणतात, आणि इंग्रजीत सांगताना तुम्हाला त्यातला एक शब्द निवडावाच लागतो. निवडावा लागला तर तिथेच थांबून विचारा.

नोट कुठे पाठवायची

बऱ्याच हॉस्पिटलांत दुभाष्याला पेशंटच्या रेकॉर्डमध्ये लिहिण्याचा अधिकार नसतो. तसं असेल तर नोट भाषासेवा विभागाच्या समन्वयकामार्फत, हॉस्पिटलच्या सुरक्षित संदेशव्यवस्थेतून जाते. एजन्सीकडून आलेल्या दुभाष्यांनी हा मार्ग पहिल्याच दिवशी विचारून ठेवावा. व्हॉट्सअ‍ॅपवर, स्वतःच्या ईमेलवरून, किंवा फोटो काढून पाठवणं अमेरिकेत हिपाच्या गोपनीयता नियमांत बसत नाही. डॉक्टरांनी स्वतःचा नंबर दिला तरी त्यावर फक्त ‘कृपया फोन करा’ एवढंच. फोनवर दुभाषेपण करणाऱ्यांना पेशंटचं नावही अनेकदा सांगितलेलं नसतं. त्यांनी कॉल संपायच्या आतच शंका बोलून दाखवावी, कारण मागाहून नोट पोचवायला त्यांच्याकडे पत्ता नसतो.

फॉर्मवर दुभाष्याच्या सहीची जागा असते ती वेगळी. तिथे सही करताना तुम्ही एवढंच म्हणता, की हे संभाषण मी भाषांतरित केलं. साक्षीदाराच्या रकान्यात सही करू नका, घाईत कुणी बोट दाखवलं तरी. शंका असतानाही दुभाषी म्हणून सही करायला हरकत नाही; शंकेची जागा नोटेत आहे.

पुढचं संभाषण

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी व्हिडिओवर बाईंशी बोलणं ठेवलं. प्रश्न खुला होता: शुक्रवारी मी काय करणार आहे, ते तुमच्या शब्दांत सांगाल का? मराठीत मी तो असाच मांडला, त्यात ‘पिशवी’ हा शब्द न आणता. आदल्या दिवसाची शंका प्रश्नात शिरली असती, तर उत्तर पुन्हा निरुपयोगी झालं असतं.

बाई म्हणाल्या, “कॅमेऱ्याने बघणार, आतलं साफ करणार आणि पिशवी काढणार. मग त्रास संपेल.”

डॉक्टरांनी कागदावर गर्भाशयाची आकृती काढली. पॉलिप कुठे आहे, खरवडणार कुठे, आणि गर्भाशय तसंच का ठेवणार, ते दाखवलं. तपासणीत कॅन्सर किंवा त्याआधीची स्थिती निघाली तरच पिशवी काढण्याचा विषय येईल, आणि तेव्हा पुन्हा बसून बोलू, असं सांगितलं. पुन्हा रक्त जाऊ शकतं हेही सांगितलं. बाईंनी विचारलं, “म्हणजे परत यावं लागलं तर?” मग त्यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी त्यांनी पुन्हा स्वतःच्या शब्दांत सांगितलं: पॉलिप काढणार, अस्तर तपासायला पाठवणार, पिशवी ठेवणार. डॉक्टरांनी नवा फॉर्म केला आणि या शस्त्रक्रियेत गर्भाशय काढायचं नाही असं त्यावर हाताने लिहिलं. मी तो बाईंना ओळीनओळ मराठीत वाचून दाखवला, ती हाताने लिहिलेली ओळही. आणखी प्रक्रियेच्या ओळीपाशी बाईंनी थांबवलं आणि डॉक्टरांना विचारलं, यात पिशवी येत नाही ना? उत्तर ऐकून सही केली.

त्यांनी पहिल्या दिवशी खरोखर ‘पॉलिप काढा’ एवढंच म्हटलेलं निघालं असतं, तरी नोट तशीच लिहायला हवी होती. डॉक्टरांची काही मिनिटं गेली असती, इतकंच.

आणि उत्तर आलं नाही तर? नोट पाठवून तुमचं काम संपत नाही. एक कामाचा दिवस उलटून कुणाची पोच नसेल, तर समन्वयकाला फोन करा. ऑपरेशनच्या आदल्या दुपारपर्यंत काही हललं नसेल, तर थेट प्री-ऑप विभागाच्या चार्ज नर्सना फोन करा आणि दोन वाक्यांत सांगा: संमतीच्या संभाषणातला खुलासा बाकी आहे, नोट अमुक दिवशी पाठवली आहे. कुणाशी, किती वाजता बोललात ते लिहून ठेवा. पेशंटला मात्र स्वतःहून फोन करू नका, कितीही वाटलं तरी. प्रश्न डॉक्टरांनी विचारायचा, उत्तर पेशंटने द्यायचं, आणि मध्ये दुभाषी हवा. सगळं मिटल्यावर वहीतलं ते पान हॉस्पिटलच्या नियमाप्रमाणे गोपनीय कागदांच्या श्रेडरमध्ये टाका.